'हे माझे आहे' आणि 'हा/ही/हे' : फ्रेंच व स्पॅनिशमध्ये वस्तूचे लिंग माहीत नसताना काय म्हणावे?

शाल्मली_धरमपेठ

नमस्कार मंडळी. मी नागपूरला राहते, आठ महिन्यांपासून फ्रेंच आणि तीन महिन्यांपासून स्पॅनिश शिकते आहे. मागच्या आठवड्यात वर्गात एका प्रसंगावर संवाद लिहायला दिला होता. पावसाळ्यातली संध्याकाळ आहे, दाराशी पाच-सहा छत्र्या ठेवलेल्या आहेत, निघताना यजमान विचारतात की तुमची कोणती, आणि पाहुणी म्हणते, "ही. ही माझी आहे." एवढेच दोन्ही भाषांत लिहायचे होते.

मी फ्रेंचमध्ये 'सेल-सी. से ला म्येन.' असे लिहिले आणि स्पॅनिशमध्ये 'एस्ता. एस मीआ.' असे लिहिले. चारही वाक्यांखाली लाल रेघ आली. कारण कळले: छत्रीला फ्रेंचमध्ये 'पाराप्ल्वी' आणि स्पॅनिशमध्ये 'पाराग्वास' म्हणतात व दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. मी नकळत मराठी छत्रीचे स्त्रीलिंग उचलून तिकडे नेऊन ठेवले होते. म्हणजे तिथे 'सल्वी-सी, से ल म्यँ' आणि 'एस्ते, एस मीओ' हवे होते.

चूक समजली, पण मनातला प्रश्न सुटला नाही. शब्द माहीत असेल तर लिंग पाठ करता येईल. ज्या वस्तूचे नावच मला त्या भाषेत येत नाही, तिच्याकडे बोट दाखवून 'हे माझे आहे' किंवा 'हे द्या' असे म्हणायचे असेल तर काय करावे? मराठीत आपण अशा वेळी सहज नपुंसकलिंग वापरतो. तिकडे तर दोनच लिंगे आहेत. जाणकारांनी सविस्तर सांगावे. (उच्चार मी देवनागरीत लिहिले आहेत, चुकले असतील तर दुरुस्त करावेत.)

मिहान_प्रवासी

शाल्मलीताई, मी स्पॅनिशपुरते सांगतो, कारण आमच्या कंपनीचे काम मेक्सिकोतल्या लोकांशी चालते आणि रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलावे लागते. नियम अगदी सोपा आहे. शब्दाच्या शेवटी 'ओ' आला की पुल्लिंग, 'आ' आला की स्त्रीलिंग. आणि लिंग माहीत नसेल तर 'एस्तो' म्हणायचे, ते आपल्या 'हे'सारखे आहे. 'एस्तो' म्हटले की कुठेच चुकत नाही. मी वर्षभर असेच बोलतो आहे आणि समोरच्यांना सगळे समजते.

प्रतापनगरची_आई

माझ्या मुलीने शाळेत फ्रेंच घेतले होते, त्यामुळे थोडे कानावर आहे. मला वाटते शाल्मलीचे उत्तर बरोबरच होते. बोलणारी पाहुणी बाई आहे ना? मग 'म्येन'च येणार. माझी मुलगी "मी खूश आहे" म्हणताना शेवटी 'त' उच्चारायची आणि तिच्या वर्गातला मुलगा तो 'त' उच्चारत नसे. बाईने बोलायचे वेगळे आणि पुरुषाने बोलायचे वेगळे, असे तिच्या बाईंनी शिकवले होते. तेव्हा लाल रेघ का मारली हे मला समजले नाही.

जुना_दुभाषी

प्रतापनगरच्या ताईंनी सांगितलेले त्यांच्या मुलीचे उदाहरण खरे आहे, मात्र ते या प्रश्नाला लागू होत नाही. 'मी खूश आहे' या वाक्यात 'खूश' हा शब्द बोलणाऱ्याचे वर्णन करतो, म्हणून तो बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. 'ल म्यँ' आणि 'ला म्येन' हे शब्द मात्र वस्तूच्या जागी उभे असतात, म्हणून ते वस्तूच्या नावाप्रमाणे बदलतात. मालक पुरुष आहे की स्त्री, याच्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. मराठीतही तसेच आहे. आजोबा "ही काठी माझी" म्हणतात आणि आजी "हा पानाचा डबा माझा" म्हणते, त्यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांना हे समजवायला वेळ लागतो, मराठी माणसाला लागू नये.

आता शाल्मलीताईंचा मूळ प्रश्न. त्यांच्या संवादात खरे म्हणजे दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि ते वेगळे केले की निम्मी अडचण सरते.

पहिला प्रश्न असा: एकच छत्री आहे आणि ती कोणाची, एवढेच कोणी विचारते. इथे फ्रेंच माणूस सहसा 'ल म्यँ'कडे जातच नाही. तो 'सेत आ म्वा' म्हणतो. यात लिंग कुठेच नाही. छत्री असो, किल्ली असो किंवा जिचे नाव तुम्हाला येत नाही अशी एखादी वस्तू असो, वाक्य तेच राहते. दुसरा प्रश्न असा: सहा छत्र्या आहेत आणि त्यांतली तुमची कोणती, हे विचारले आहे. इथे निवड आहे, म्हणून 'से ल म्यँ' शोभते. आपणही पहिल्याला "माझी आहे" म्हणतो आणि दुसऱ्याला "माझी ही" म्हणतो. स्पॅनिशमध्येही हाच भेद आहे. पहिल्याला 'एस मीओ' आणि दुसऱ्याला 'एस एल मीओ'. फक्त स्पॅनिशमध्ये 'सेत आ म्वा'सारखी लिंग चुकवणारी तयार वाट नाही, तिथे 'मीओ' की 'मीआ' हे ठरवावेच लागते.

'सेत आ म्वा' वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पत्ते खेळताना किंवा पावाच्या दुकानातल्या रांगेत तेच शब्द "आता माझी पाळी" या अर्थाने येतात. प्रसंगावरून अर्थ कळतो, पण पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो.

जुना_दुभाषी

मिहान_प्रवासी यांच्या उत्तराबद्दल स्वतंत्र लिहितो, कारण मराठी बोलणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत नेमकी तिथे होते.

आपले 'हे' दोन कामे करते. "हे काय आहे?" यात वस्तूचे नाव अजून कोणालाच ठाऊक नाही. "हे पुस्तक माझे आहे" यात नाव ठाऊक आहे आणि ते नाव नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'हे' आले. स्पॅनिशचे 'एस्तो' यांतले फक्त पहिले काम करते. स्पॅनिशमधले एकही नाम नपुंसकलिंगी नाही, म्हणून 'एस्तो' कोणत्याही नामाच्या शेजारी बसू शकत नाही. पुस्तक म्हणजे 'लिब्रो', ते पुल्लिंगी. तिथे 'एस्ते लिब्रो' म्हणावे लागते, 'एस्तो लिब्रो' असे कोणी स्पॅनिश माणूस कधीही म्हणणार नाही. आणि दोन पुस्तकांपैकी एकाकडे बोट दाखवून "हे" म्हणायचे असेल तरी 'एस्ते'च, कारण पुस्तकाचे नाव संभाषणात येऊन गेलेले आहे.

याउलट टेबलावर तुमचे कागद, किल्ल्या, डबा असा पसारा पडला आहे आणि तुम्हाला "हे सगळे माझे आहे" म्हणायचे आहे, तर 'तोदो एस्तो एस मीओ' अगदी बरोबर आहे. फ्रेंचमध्ये त्याच जागी 'तू सा, सेत आ म्वा' येते. तेव्हा 'एस्तो' आहे, उपयोगाचे आहे, पण ते बिननावाच्या वस्तूसाठी आहे.

माणसाकडे बोट दाखवून मात्र 'एस्तो' म्हणू नये, तो त्या माणसाचा अपमान होतो.

मिहान_प्रवासी

धन्यवाद सर. आता आठवते, मी फोनवर एकदा दोन अहवालांपैकी एकाबद्दल 'एस्तो, एस्तो' म्हणत होतो आणि पलीकडची बाई पुन्हा पुन्हा "कोणता?" असे विचारत होती. मला वाटले आवाज नीट पोहोचत नाही. तिच्या कानाला मी अहवालाबद्दल बोलतच नव्हतो, हे आज कळले.

'ओ' आणि 'आ'चा नियम तरी बरोबर आहे ना?

जुना_दुभाषी

बहुतेक वेळा चालतो, आणि चालतो म्हणूनच त्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे आहे. हात म्हणजे 'मानो', शेवटी 'ओ' आहे आणि शब्द स्त्रीलिंगी आहे. 'प्रोब्लेमा' आणि 'मापा' यांच्या शेवटी 'आ' आहे आणि दोन्ही पुल्लिंगी आहेत. 'फोतो' हा 'फोतोग्राफीआ'चा तोडलेला भाग आहे, म्हणून तो स्त्रीलिंगी राहिला. भिंतीवरच्या फोटोंपैकी माझा कोणता, तर 'एस्ता'. मराठी 'फोटो' पुल्लिंगी आहे, त्यामुळे आपली जीभ इथे दुप्पट अडखळते. आणि शाल्मलीताईंच्या छत्रीचा शब्द पाहा. 'पाराग्वास'च्या शेवटी 'आस' आहे, ऐकताना स्त्रीलिंगी अनेकवचन वाटते, पण तो पुल्लिंगी एकवचनी शब्द आहे.

बर्डीचा_वाचक

मला फ्रेंच येत नाही आणि स्पॅनिशही येत नाही, पण लिंगाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्याकडे तरी कुठे एकवाक्यता आहे? पुस्तक मराठीत ते, आणि आपण नागपूरकर हिंदीत बोलतो तेव्हा तेच पुस्तक 'मेरी' होते. त्यातही आपण दोन्ही भाषा दिवसभर मिसळून बोलतो. माझा अनुभव असा की हिंदीत विचार केला तर सोपे जाईल, कारण हिंदीतही दोनच लिंगे आहेत. 'मेरा' म्हणजे 'मीओ' आणि 'मेरी' म्हणजे 'मीआ' असे धरून चालावे.

शाल्मली_धरमपेठ

बर्डीचा_वाचक दादा, मीही आरंभी हेच करून पाहिले होते. दोनच लिंगे आहेत एवढे साम्य उपयोगी पडते, म्हणजे नपुंसकलिंग डोक्यातून निघून जाते. पण वस्तूगणिक लिंग जुळत नाही. तुमचेच पुस्तक घ्या. मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, आणि फ्रेंच 'लीव्र' व स्पॅनिश 'लिब्रो' दोन्ही पुल्लिंगी. किल्ली मात्र चारही भाषांत स्त्रीलिंगी निघाली, तेव्हा मला वाटले होते की आता जमले. किल्लीने माझा आत्मविश्वास वाढवला आणि छत्रीने तो उतरवला.

फ्रेंच आणि स्पॅनिश तरी एकमेकींशी जुळतील अशी आशा होती, कारण दोन्ही लॅटिनच्या लेकी. तर दूध फ्रेंचमध्ये पुल्लिंगी आणि स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, आणि दात नेमका उलटा.

जुना_दुभाषी

ताई, इथे एक पाऊल आणखी पुढे जाऊ. लिंग वस्तूला नसते, शब्दाला असते. मराठीतच पाहा. मुलाच्या पाठीवर जे असते त्याला तुम्ही 'बॅग' म्हणालात तर 'माझी', 'दप्तर' म्हणालात तर 'माझे'. वस्तू तीच आहे. फ्रेंचमध्ये सायकलीला 'व्हेलो' म्हटले तर ती पुल्लिंगी आणि 'बिसिक्लेत' म्हटले तर स्त्रीलिंगी. म्हणून "सायकलीचे फ्रेंच लिंग कोणते?" हा प्रश्नच अपुरा आहे, "आत्ता कोणता शब्द चालू आहे?" असे विचारावे लागते.

मिहान_प्रवासी

हे स्पॅनिशमध्ये देशाप्रमाणेही बदलते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. मी ज्या पुस्तकातून शिकलो त्यात संगणकाला 'ओर्देनादोर' होते, तो स्पेनमधला शब्द, पुल्लिंगी. आमच्या मेक्सिकोतल्या लोकांच्या तोंडी 'कोम्पुतादोरा' असतो, तो स्त्रीलिंगी. म्हणजे त्याच संगणकाला स्पेनमध्ये 'एस मीओ' आणि मेक्सिकोत 'एस मीआ'. चष्म्याचेही तसेच. पुस्तकात 'गाफास' होते, स्त्रीलिंगी. मेक्सिकोत 'लेन्तेस' म्हणतात, पुल्लिंगी.

प्रतापनगरची_आई

चष्म्याचा विषय निघाला म्हणून विचारते. मराठीत चष्मा एक असतो. इथे तर अनेकवचन दिसते आहे?

जुना_दुभाषी

बरोबर ओळखलेत. फ्रेंच 'ल्युनेत' आणि स्पॅनिश 'गाफास' हे दोन्ही शब्द चष्म्यासाठी अनेकवचनातच वापरतात. म्हणून "हा चष्मा माझा" म्हणताना स्पॅनिशमध्ये 'सोन मीआस' आणि फ्रेंचमध्ये 'स सों ले म्येन' असे होते. मराठी चष्मा पुल्लिंगी एकवचनी, तिकडचा स्त्रीलिंगी अनेकवचनी. लिंग आणि वचन दोन्ही बदलले. विद्यार्थ्यांना मी ही वस्तू मुद्दाम देतो, कारण इथे मराठीतून उचललेले काहीच चालत नाही आणि शब्दाकडे पाहावेच लागते.

फलाट_क्रमांक_दोन

हा धागा वाचून राहवले नाही. मी भाषांतराची कामे घेतो. गेल्या वर्षी लहान मुलांच्या एका खेळाची वाक्ये इंग्रजीतून फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये करायची होती. ग्राहकाने नुसती यादी पाठवली, चित्रे नाहीत. एका ओळीत 'इट्स माइन', पुढच्या ओळीत 'धिस वन'. मी दोन्ही भाषांत सगळीकडे पुल्लिंग घातले, कारण ठाऊक नसताना पुल्लिंग घ्यावे असे शिकलो होतो. काम परत आले. 'धिस वन' हे वाक्य चार चित्रांखाली येत होते, आणि त्यांत एक बाहुली होती व एक मोटार होती. बाहुली म्हणजे 'पुपे' आणि मोटार म्हणजे 'व्वात्युर', फ्रेंचमध्ये दोन्ही स्त्रीलिंगी. माझे 'सल्वी-सी' त्या चित्रांखाली चुकीचे दिसत होते.

दुसऱ्या फेरीत मी असे केले. 'इट्स माइन'साठी फ्रेंचमध्ये सगळीकडे 'सेत आ म्वा' ठेवले, एकाच वाक्यात काम झाले. स्पॅनिशसाठी चित्रांची यादी मागवली आणि चेंडूपाशी 'एस मीआ' केले, कारण तिथे 'पेलोता' हा शब्द आधीच्या ओळीत होता. 'धिस वन' जिथे बटणावर होते तिथे ते काढूनच टाकले आणि 'निवडा' या अर्थाचे क्रियापद घातले. ग्राहकाला ते पटले. तरीही एक जागा उरली, जिथे एकच ओळ चारही चित्रांसाठी वापरायची होती आणि क्रियापद बसत नव्हते. तिथे मी फ्रेंचमध्ये 'सा' घातले. ते बरोबर केले का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

जुना_दुभाषी

मुलाच्या तोंडी असेल तर 'सा' चालेल असे माझे मत आहे. दुकानात बोट दाखवून 'सा' म्हणणे फ्रेंचमध्ये अगदी रोजचे आहे. पण समोर एकाच जातीच्या चार वस्तू असतील, समजा चार बाहुल्या, तर 'सेल-सी' किंवा बोलण्यात जास्त ऐकू येणारे 'सेल-ला' हवे. चार वेगवेगळ्या वस्तू असतील तर 'सा' खटकत नाही. तुमच्या चित्रांत वस्तू वेगवेगळ्या होत्या, म्हणून मी ते ठेवले असते.

फलाट_क्रमांक_दोन

माझ्या ओळखीच्या एका फ्रेंच बाईंना ते खटकले होते, म्हणून शंका राहिली. त्यांचे म्हणणे असे की छापलेले वाक्य बोलण्याइतके सैल असू नये. असो, दोन मते आहेत एवढे खरे.

शाल्मली_धरमपेठ

जुना_दुभाषी काका, एक व्यावहारिक शंका आहे. शब्द पाठ करताना आम्हाला 'ल' किंवा 'ला' लावून पाठ करायला सांगतात. तरीही संत्र्यापाशी मी अडले. 'लोरांझ' असेच ऐकू येते, त्यात 'ल' आहे की 'ला' आहे हे कळतच नाही.

जुना_दुभाषी

म्हणूनच मी 'ल/ला' लावून पाठ करू नका असे सांगतो, 'अँ/युन' लावून पाठ करा. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडून सारखेच होतात आणि लिंग झाकले जाते. 'युन ओरांझ' म्हटले की स्त्रीलिंग ऐकू येते. टोपलीतले एक उचलून द्यायचे तर 'सेल-सी'. (आपले नागपुरी संत्रे तिकडे 'मांदारीन' या जातीत मोजतील, 'ओरांझ'मध्ये नाही. सुदैवाने तोही स्त्रीलिंगी आहे.)

स्पॅनिशमध्ये याच्या उलटा सापळा आहे. पाणी म्हणजे 'आग्वा', शब्द स्त्रीलिंगी, पण सुरुवातीच्या आघातयुक्त 'आ'मुळे त्याच्यापुढे 'एल' लावतात. 'एल आग्वा' ऐकून विद्यार्थी ते पुल्लिंगी धरतो आणि 'एस्ते आग्वा' म्हणतो. योग्य रूप 'एस्ता आग्वा' आहे, आणि "पाणी माझे आहे" म्हणजे 'एल आग्वा एस मीआ'. तिथल्या लोकांच्या बोलण्यातही 'एस्ते आग्वा' ऐकू येते, तरी परीक्षेत ते चूकच धरतात. म्हणून हा शब्द विशेषणासकट पाठ करावा: 'आग्वा फ्रीआ', गार पाणी.

बर्डीचा_वाचक

काका, संत्रे आपल्याकडे काही जण 'तो संत्रा' म्हणतात आणि काही जण 'ते संत्रे' म्हणतात, हेही इथे नोंदवून ठेवतो. माझ्या घरी आई 'ते' म्हणते आणि वडील 'तो' म्हणतात.

शाल्मली_धरमपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी संवाद पुन्हा लिहिला आहे आणि या वेळी यजमानांचे प्रश्नही नीट लिहिले, कारण लिहिताना एक गोष्ट हाती लागली. फ्रेंच यजमान जेव्हा "कोणती?" असे विचारतात तेव्हा त्यांच्या प्रश्नातच लिंग असते. 'लकेल' विचारले तर पुल्लिंग, 'लाकेल' विचारले तर स्त्रीलिंग. म्हणजे मला छत्रीचा शब्द आठवत नसला तरी 'लकेल' ऐकून मी 'सल्वी-सी' म्हणू शकते. स्पॅनिशमध्ये 'क्वाल' दोन्हीकडे सारखाच आहे, त्यातून काही कळत नाही, पण 'क्वाल एस एल तुयो?' असे पूर्ण विचारले तर 'एल तुयो'मधून पुल्लिंग कळते आणि मी 'एस्ते' म्हणते.

आता संवाद असा आहे. फ्रेंच: "लकेल एत आ त्वा?" "सल्वी-सी." स्पॅनिश: "क्वाल एस एल तुयो?" "एल मीओ एस एस्ते." शेवटी एक वाक्य वाढवले आहे. पाहुणीचा चष्माही टेबलावर राहिला आहे आणि यजमान तो हातात घेऊन विचारतात. तिथे मी 'सोन मीआस' आणि 'एल सोंत आ म्वा' लिहिले आहे. तपासून सांगाल का?

जुना_दुभाषी

दोन्ही बरोबर आहेत. स्पॅनिशमध्ये पूर्ण 'एल मीओ एस एस्ते'ऐवजी नुसते 'एस्ते' म्हटले असते तरी पुरे होते, पण चूक नाही. लिहिताना एक पाहा, जुन्या पुस्तकांत या 'एस्ते'च्या पहिल्या अक्षरावर तिरकी खूण दिसेल. स्पॅनिश अकादमीने 2010 च्या शुद्धलेखनात ती अनावश्यक ठरवली आहे, तेव्हा तुमच्या वहीत नसली तरी बिघडत नाही.

प्रतापनगरची_आई

मुलीला हा धागा दाखवला. ती म्हणाली की परीक्षेच्या वेळी ती 'लकेल' आणि 'लाकेल' यांतला फरक ऐकतच नव्हती, दोन्ही एकच समजत होती. जलद बोलण्यात तो ऐकू येण्यासाठी काय करावे, हे कोणी सांगेल का?